कंपायलर, इंटरप्रिटर आणि बाइटकोड: तुमच्या फोनमधलं ॲप नेमकं कसं चालतं?

आधी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या फोनला अँड्रॉइडचं मोठं अपडेट आलं. रात्री इन्स्टॉल केलं आणि सकाळपासून फोन रखडायला लागला. ॲप उघडायला वेळ, स्क्रोल करताना झटके, आणि मागची बाजू गरम. मला वाटलं अपडेट बिघडलं. दुपारपर्यंत दम धरला आणि मग सरळ फॅक्टरी रिसेट मारला. चॅटचा बॅकअप घ्यायचं लक्षातच आलं नाही. त्यात आजीचे व्हॉइस मेसेज होते, ते कायमचे गेले.

वाईट याचं वाटतं की रिसेटची गरजच नव्हती. फोन त्या दिवशी एक ठराविक काम नव्याने करत होता आणि रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला असता तर बहुधा आपोआप सुधारला असता. ते काम कोणतं, हे समजायचं असेल तर कॉलेजच्या पहिल्या वर्षात पाठ केलेला एक विषय नीट समजून घ्यावा लागतो: कंपाइल होणाऱ्या भाषा, इंटरप्रिट होणाऱ्या भाषा, आणि या दोन्हींच्या मधे बसणारा बाइटकोड. आज तेच पाहूया. एकच छोटं उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ.

## प्रोसेसरला नक्की काय कळतं?

समजा आपल्याला बिल काढायचंय. वस्तूचा दर गुणिले नग, आणि त्यात डिलिव्हरीचे २० रुपये. सी भाषेत हे असं लिहितात:

```
int bill(int dar, int nag) {
    return dar * nag + 20;
}
```

हा झाला सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा. फोनच्या प्रोसेसरला यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त त्याच्या स्वतःच्या सूचना कळतात, त्याला आपण मशीन कोड म्हणतो. सोर्स कोड आधीच पूर्णपणे मशीन कोडमध्ये बदलून ठेवणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात.

हे तुम्ही फोनवरच बघू शकता. टर्मक्स नावाचं ॲप घ्या, त्यात `pkg install clang` करा, वरचा कोड `bill.c` नावाने सेव्ह करा आणि ही कमांड द्या:

```
clang -O2 -S bill.c
```

`bill.s` नावाची फाइल तयार होते. त्यात टिंबाने सुरू होणाऱ्या बऱ्याच ओळी असतात, त्या सोडून द्या. ६४-बिट एआरएम प्रोसेसरवर कामाच्या ओळी तीनच:

```
mov  w8, #20
madd w0, w0, w1, w8
ret
```

पहिली ओळ २० हा आकडा एका रजिस्टरमध्ये ठेवते. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली अगदी छोटी जागा. दुसरी ओळ गुणाकार आणि बेरीज एकाच दमात करते, कारण एआरएममध्ये त्यासाठी एकच सूचना आहे. तिसरी ओळ उत्तर घेऊन परत जाते. बास. प्रोग्राम चालताना आता ना सी भाषा लागते ना कंपायलर. म्हणून असा कोड वेगवान असतो.

## मग सगळंच कंपाइल का करत नाहीत?

कारण वरच्या तीन ओळी फक्त एआरएमच्या आहेत. हीच फाइल इंटेलच्या लॅपटॉपवर नेली तर तिथे `madd` नावाची सूचनाच नाही. तिथे पुन्हा कंपाइल करावं लागेल.

फोनच्या बाबतीत ही अडचण खरीखुरी आहे. आज बहुतेक फोन एआरएमचे असले तरी २०१५ साली आलेल्या आसुसच्या झेनफोन २ मध्ये इंटेलचा प्रोसेसर होता. एआरएममध्येही ३२-बिट आणि ६४-बिट असे दोन प्रकार आहेत. एखाद्या गेमची एपीके फाइल उघडून पाहिलीत तर आत `lib` फोल्डर दिसतं आणि त्यात `armeabi-v7a`, `arm64-v8a` अशी फोल्डर असतात. एकाच गेमचा तोच कोड दोनदा, दोन प्रकारच्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला असतो.

यातलं तुमच्या प्रोसेसरचं फोल्डर नसेल तर ॲप इन्स्टॉलच होत नाही. कॉम्प्युटरवरून `adb` ने टाकायला गेलात तर `INSTALL_FAILED_NO_MATCHING_ABIS` अशी एरर येते. २०२२ मध्ये आलेला गूगल पिक्सेल ७ फक्त ६४-बिट ॲप चालवतो. त्यामुळे ज्या जुन्या गेममध्ये फक्त ३२-बिटचं फोल्डर आहे, तो गेम त्यावर चालत नाही. गंमत अशी की त्याहून जुनं, पण `lib` फोल्डरच नसलेलं एखादं साधं ॲप या बाबतीत अडत नाही. त्या ॲपमध्ये मशीन कोड नसतोच. मग काय असतं? तिथे आपल्याला जायचंय, पण आधी दुसरं टोक बघू.

## इंटरप्रिटर म्हणजे काय, आणि काय नाही

पुस्तकात एक वाक्य असतं: "इंटरप्रिटर प्रोग्रामची एकेक ओळ मशीन कोडमध्ये बदलतो." मीही हेच लिहून मार्क मिळवलेत. पण हे बरोबर नाही. साधा इंटरप्रिटर काहीच मशीन कोडमध्ये बदलत नाही. तो स्वतःच एक आधीच कंपाइल झालेला प्रोग्राम असतो. तो तुमचा कोड वाचतो, त्यात "बेरीज कर" लिहिलेलं दिसलं की स्वतःच्या आत बेरजेसाठी असलेला भाग चालवतो. पाककृतीचं पुस्तक समोर ठेवून स्वयंपाक करणाऱ्यासारखं. तो पुस्तकाचं भाषांतर करत बसत नाही, वाचतो आणि कढईत टाकतो.

"ओळीनुसार" या शब्दाचीही परीक्षा घेऊ. टर्मक्समध्ये जी कमांड लाइन दिसते तिच्यामागे बॅश नावाचा इंटरप्रिटर असतो. `test.sh` नावाची ही दोन ओळींची फाइल बनवा. दुसरी ओळ मुद्दाम चुकीची आहे.

```
echo namaskar
fi
```

`bash test.sh` असं चालवलं तर आधी `namaskar` छापलं जातं, मग दुसऱ्या ओळीवर सिंटॅक्स एरर येते. म्हणजे बॅश खरोखरच पुढचं न बघता एकेक कमांड वाचतो आणि चालवतो.

आता पायथॉनमध्ये तसंच करू. `pkg install python` करून `test.py` बनवा:

```
print("नमस्कार")
x = (5 +
```

पायथॉन ही इंटरप्रिट होणारी भाषा, म्हणून आधी "नमस्कार" दिसेल असं वाटतं ना? चालवून बघा. "नमस्कार" येतच नाही, थेट `SyntaxError` येते. याचा अर्थ पहिली ओळ चालवण्याआधी पायथॉनने पूर्ण फाइल वाचली होती. नुसती वाचली नव्हती, ती कशात तरी बदलायचा प्रयत्न केला होता. ते "कशात तरी" म्हणजेच बाइटकोड.

## बाइटकोड: कोणत्याच प्रोसेसरची नसलेली मशीन भाषा

आपलं बिल पायथॉनमध्ये लिहू आणि त्याचा बाइटकोड बघू. पायथॉनसोबतच `dis` नावाचं एक मॉड्यूल येतं.

```
import dis

def bill(dar, nag):
    return dar * nag + 20

dis.dis(bill)
```

पायथॉन ३.१२ मध्ये बाजूचे आकडे आणि सुरुवातीची `RESUME` ही ओळ काढून टाकली तर असं दिसतं. नव्या आवृत्त्यांमध्ये काही नावं बदललीत आणि दोन सूचना कधी एकत्र केलेल्या असतात, पण कल्पना तीच.

```
LOAD_FAST    dar
LOAD_FAST    nag
BINARY_OP    *
LOAD_CONST   20
BINARY_OP    +
RETURN_VALUE
```

दिसायला हे मगाशी पाहिलेल्या मशीन कोडसारखंच आहे. छोट्या, सरळ सूचना, एकाखाली एक. पण `BINARY_OP` समजणारा प्रोसेसर बाजारात कुठेही मिळत नाही. या सूचना एका काल्पनिक मशीनसाठी लिहिलेल्या आहेत. ते मशीन फक्त एका प्रोग्रामच्या रूपात अस्तित्वात असतं, म्हणून त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

`bill(40, 3)` दिलं तर हे मशीन काय करतं ते हाताने करून बघू. त्याच्याकडे ताटांच्या चळतीसारखी एक जागा असते. नवीन वस्तू वर ठेवायची, उचलायचीही वरूनच. पहिली सूचना ४० वर ठेवते. दुसरी त्यावर ३ ठेवते. तिसरी वरचे दोन्ही आकडे उचलते, गुणाकार करते आणि १२० परत ठेवते. चौथी त्यावर २० ठेवते. पाचवी दोन्ही उचलून १४० ठेवते. सहावी १४० हे उत्तर परत देते. सहा पावलं झाली आणि आपलं बिल तयार.

आता हा बाइटकोड चालवतं कोण? सी भाषेत लिहून आधीच कंपाइल केलेला पायथॉनचा इंटरप्रिटर. त्याच्या आत एक लूप असतो: पुढची सूचना घे, ती कोणती आहे ते बघ, तिचं काम कर, परत वर जा. म्हणजे पायथॉनमध्ये कंपायलरही आहे आणि इंटरप्रिटरही. कंपायलर सोर्स कोडचा बाइटकोड करतो आणि इंटरप्रिटर तो बाइटकोड चालवतो.

याचा पुरावा तुम्ही बहुतेक पाहिलेलाही असेल. स्वतःची एखादी फाइल दुसऱ्या फाइलमध्ये `import` केली की शेजारी `__pycache__` नावाचं फोल्डर उगवतं. त्यात `.pyc` ने संपणारी फाइल असते. ती म्हणजे तयार बाइटकोड. पुढच्या वेळी तेच काम परत करायला नको म्हणून तो जपून ठेवतात. मूळ फाइलची तारीख किंवा आकार बदलला, किंवा पायथॉनची आवृत्ती बदलली, की जुना बाइटकोड निकामी ठरतो आणि नवा बनतो. हे फोल्डर डिलीट केलंत तरी काही बिघडत नाही, फक्त पुढची सुरुवात थोडी सावकाश होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, माझ्या फोनचं दुखणं याच जातीचं होतं.

## बाइटकोड आहे, तरी पायथॉन सावकाश का?

कारण बाइटकोड असला म्हणजे वेग येतोच असं नाही. आपल्या `BINARY_OP *` ला माहीतच नसतं की त्याच्या हातात काय येणार आहे. ४० आणि ३ आले तर गुणाकार. पण कोणी `bill("चहा", 3)` लिहिलं तर? पायथॉनमध्ये शब्दाला तीनने गुणलं की "चहाचहाचहा" तयार होतं. ही चूक मानली जात नाही, त्यामुळे तिसरी सूचना बिनतक्रार पार पडते. मग पाचवी सूचना त्यात २० मिळवायला जाते आणि तिथे अडते:

```
TypeError: can only concatenate str (not "int") to str
```

म्हणजे प्रत्येक गुणाकाराच्या आधी पायथॉनला "हा आकडा आहे की शब्द?" हे तपासावं लागतं. मोठ्या लूपमध्ये ही तपासणी लाखो वेळा होते. शिवाय पुढची सूचना घेणं, ओळखणं हा लूपचा खर्च वेगळा. नव्या आवृत्त्यांनी यावर बरेच उपाय केलेत, तरी नुसत्या आकडेमोडीत सी आणि पायथॉनमध्ये कित्येक पटींचा फरक राहतो. सी मध्ये मात्र `dar` आणि `nag` हे पूर्णांकच आहेत हे आधीच ठरलंय. त्यामुळे चालताना तपासायला काही उरत नाही.

यातून आणखी एक फरक कळतो. वरची चूक पायथॉनमध्ये ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत लपून राहिली. सिंटॅक्सची चूक आधी सापडली, प्रकाराची नंतर. तुमचा प्रोग्राम मित्रासमोर दाखवताना नेमका तेव्हाच का कोसळतो, याचं एक कारण हे आहे.

## जावा आणि अँड्रॉइड: बाइटकोड, पण प्रकार ठरलेले

१९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टम्सने जावा आणली तेव्हा त्यांनी मधला रस्ता घेतला. कोड लिहितानाच प्रकार सांगायचे, त्याचा बाइटकोड बनवायचा आणि तोच बाइटकोड सगळ्या कॉम्प्युटरवर द्यायचा. प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याच्या प्रोसेसरसाठी बनवलेलं व्हर्च्युअल मशीन असलं की झालं. आपलं बिल जावात लिहून कंपाइल केलं आणि `javap -c` या कमांडने उघडलं की हे दिसतं:

```
iload_0
iload_1
imul
bipush 20
iadd
ireturn
```

पायथॉनच्या यादीशी ताडून बघा. तीच सहा पावलं, तीच ताटांची चळत. फरक एका अक्षराचा आहे: `imul` मधला `i`. याचा अर्थ पूर्णांकांचाच गुणाकार. "चहा" इथवर पोचूच शकत नाही, कंपायलर दारातच अडवतो. त्यामुळे हा बाइटकोड नंतर मशीन कोडमध्ये बदलणं खूप सोपं जातं.

अँड्रॉइडने जावा भाषा घेतली, पण बाइटकोड स्वतःचा ठेवला. त्याला डेक्स म्हणतात. जावा किंवा कॉटलिनमध्ये लिहिलेलं ॲप आधी जावाच्या बाइटकोडमध्ये जातं आणि मग त्याचा डेक्स बनतो. अशा ॲपची एपीके उघडा, आत `classes.dex` ही फाइल सापडेल. मगाशी `lib` फोल्डर नसलेल्या ॲपचं जे कोडं होतं, त्याचं उत्तर हे. त्या ॲपमध्ये सगळा कोड डेक्स असतो आणि डेक्सला प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट, याच्याशी घेणंदेणं नसतं.

आपलं बिल डेक्समध्ये साधारण असं होतं:

```
mul-int/2addr p0, p1
add-int/lit8  p0, p0, 0x14
return        p0
```

`0x14` म्हणजे आपले २०. इथे ताटांची चळत नाही. खऱ्या प्रोसेसरसारखी रजिस्टर आहेत, त्यामुळे सहाच्या जागी तीनच सूचना पुरल्या. सुरुवातीच्या फोनमध्ये मेमरी आणि वेग दोन्ही तोकडे होते, म्हणून ही रचना निवडली गेली. हे चालवणाऱ्या पहिल्या व्हर्च्युअल मशीनचं नाव डॅल्विक. डॅन बोर्नस्टाइन यांनी ते बनवलं आणि आइसलँडमधल्या एका गावाचं नाव त्याला दिलं.

## भाषांतर कधी करायचं? अँड्रॉइडची तीन उत्तरं

इथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो. डेक्स फोनमध्ये आला, प्रोसेसरला तो कळत नाही. त्याचा मशीन कोड करायचा तर कधी? अँड्रॉइडने याची उत्तरं बदलत नेली.

सुरुवातीला डॅल्विक नुसता इंटरप्रिटर होता. २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ बरोबर त्यात जस्ट-इन-टाइम कंपायलर आला, त्याला थोडक्यात जिट म्हणतात. ॲप चालू असताना जो भाग सारखा सारखा चालतोय, तेवढ्याचाच तिथल्या तिथे मशीन कोड करायचा. वेग वाढला. पण ॲप बंद केलं की तो मशीन कोड गेला. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

मग २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० ने डॅल्विकच काढून टाकलं आणि अँड्रॉइड रनटाइम म्हणजे एआरटी आणलं. याचं उत्तर अगदी उलट होतं: ॲप इन्स्टॉल होतानाच पूर्ण डेक्सचा मशीन कोड करून ठेवायचा. ॲप झटकन चालायची. पण इन्स्टॉल व्हायला वेळ लागायचा आणि मशीन कोड डेक्सपेक्षा बराच जास्त जागा खातो. ८ जीबी स्टोरेजच्या फोनवर हे भारी पडायचं. शिवाय अँड्रॉइडचं अपडेट आलं की सगळ्या ॲपचं भाषांतर पुन्हा. त्या काळात फोन वापरला असेल तर `Optimizing app 12 of 85` असा स्क्रीन घेऊन अर्धा तास बसलेला फोन तुम्हाला आठवत असेल. तेव्हा तो हेच करत असायचा.

तिसरं उत्तर २०१६ मध्ये अँड्रॉइड ७.० ने दिलं आणि आजही मुळात तेच चालू आहे. ॲप नवीन असताना डेक्स इंटरप्रिट होतो, म्हणून इन्स्टॉल लवकर होतं. वापरताना जो भाग वारंवार चालतो त्याचा जिट मशीन कोड करतो. त्याचबरोबर एआरटी एक नोंदवही ठेवतं, तिला प्रोफाइल म्हणतात: या ॲपमधले हे हे भाग हा माणूस जास्त वापरतो. मग फोन चार्जिंगला लावलेला असतो आणि कोणी वापरत नसतं, तेव्हा ती नोंदवही बघून फक्त तेवढ्याच भागांचा मशीन कोड करून कायमचा साठवला जातो. तुम्ही कधीच न उघडलेली सेटिंगची पानं बाइटकोडच राहतात.

म्हणजे आत्ता तुमच्या फोनमधल्या एकाच ॲपचा काही भाग इंटरप्रिट होतोय, काही भाग चालता चालता कंपाइल होतोय आणि काही भाग काल रात्रीच कंपाइल झालाय.

## अपडेटनंतर फोन का रखडतो?

आता माझ्या फोनकडे येऊ. साठवलेला मशीन कोड बनवताना एआरटीने अँड्रॉइडच्या स्वतःच्या लायब्ररींची रचना गृहीत धरलेली असते. मोठ्या अपडेटमध्ये त्या लायब्ररीच बदलतात. मग जुना मशीन कोड वापरणं धोक्याचं, म्हणून तो रद्द होतो. पायथॉनची आवृत्ती बदलल्यावर `.pyc` निकामी होते, तसंच. काही फोन रीस्टार्टच्या आधीच थोडंफार काम उरकून घेतात, पण सगळं होतंच असं नाही. उरलेली ॲप त्या दिवशी इंटरप्रिटर आणि जिटवर चालतात. प्रोसेसरला जास्त राबावं लागतं, म्हणून फोन हळू आणि गरम.

आणि मी काय केलं? रिसेट. म्हणजे उरलासुरला मशीन कोड गेला आणि शिवाय माझ्या वापराची नोंदवहीही गेली. फोनला पहिल्यापासून शिकायला लावलं. ॲप अनइन्स्टॉल करून परत टाकण्यातही हेच होतं. अँड्रॉइड ९ पासून प्ले स्टोअर इतर लोकांच्या वापरावरून बनलेली प्रोफाइल ॲपसोबत पाठवू शकतं, त्यामुळे सुरुवात अगदी शून्यातून होत नाही, पण तुमची स्वतःची सवय त्यात नसते.

तुमच्याकडे कॉम्प्युटर आणि `adb` असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं:

```
adb shell dumpsys package dexopt
```

प्रत्येक ॲपच्या नावाखाली स्थिती दिसते. `speed-profile` असेल तर नोंदवहीनुसार कंपाइल झालंय. `verify` असेल तर डेक्स फक्त तपासलाय, मशीन कोड अजून नाही. रोजच्या वापरातली बरीच ॲप अपडेटनंतर `verify` वर दिसली तर रखडण्याचं कारण बहुधा हेच. थांबायचं नसेल तर एखाद्या ॲपसाठी हे काम आपण सांगून करून घेऊ शकतो. `com.example.app` च्या जागी त्या ॲपचं पॅकेज नाव टाका:

```
adb shell cmd package compile -m speed-profile -f com.example.app
```

कॉम्प्युटर नसेल तरी हरकत नाही. एक-दोन रात्री फोन चार्जिंगला लावून बाजूला ठेवा. त्यानंतर फरक पडला तर कारण कळलं. आठवडा झाला तरी तसाच असेल तर दोष बाइटकोडला देऊ नका. स्टोरेज काठोकाठ भरलंय का, बॅटरी जुनी झालीय का, एखादं ठराविकच ॲप अडतंय का ते बघा. आणि रिसेट करायचाच असेल तर आधी बॅकअप.

हे सगळं अँड्रॉइडचं झालं. आयफोनवर स्विफ्टमध्ये लिहिलेली ॲप डेव्हलपरकडेच मशीन कोडमध्ये बदलून येतात, तिथे ही रात्रीची पाळी नाही. अँड्रॉइडवरही गेमचा जो भाग `lib` फोल्डरमध्ये आहे, त्याला हे लागू होत नाही. तो आधीच कंपाइल झालेला असतो.

## मग तोंडी परीक्षेत काय सांगायचं?

"पायथॉन कंपाइल होते की इंटरप्रिट?" असं कोणी विचारलं तर मी आता असं सांगतो: भाषा म्हणजे फक्त नियम. कंपाइल करायचं की इंटरप्रिट, हे ती चालवणारा प्रोग्राम ठरवतो. आपण नेहमी वापरतो तो पायथॉन आधी बाइटकोड बनवतो आणि मग तो इंटरप्रिट करतो. पायपाय नावाचा दुसरा पायथॉन तीच भाषा जिट वापरून चालवतो. कॉटलिनचंही तसंच, अँड्रॉइडवर ती डेक्स बनते आणि आयफोनसाठी थेट मशीन कोडमध्येही कंपाइल करता येते.

म्हणून कोणत्याही भाषेबद्दल दोन प्रश्न विचारा. माझ्यापर्यंत पोचतं ते काय आहे: सोर्स कोड, बाइटकोड की मशीन कोड? आणि प्रोसेसरला कळेल असं भाषांतर होत असेल तर ते कधी होतं: डेव्हलपरकडे, इन्स्टॉल होताना, चालताना, की रात्री फोन चार्जिंगला असताना? हे दुसरं उत्तर मला त्या दुपारी माहीत असतं, तर आजीचे मेसेज आज माझ्याकडे असते.